रिस्टार्टनंतर काय उरतं? सपोर्टमधल्या मुलांसाठी एका लिनक्स परीक्षेबद्दल

आमच्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत एखाद्या मुलाबद्दल "तो कॉम्प्युटरमध्ये आहे" असं सांगतात, तेव्हा तो बहुतेक वेळा सपोर्टमध्ये असतो. मोरजी, मांद्रे, हरमलच्या हॉटेलांत, मोपाच्या विमानतळावर, तुये आणि डिचोलीच्या औद्योगिक वसाहतींत, बँकांत, शाळांत. प्रिंटर अडला, वाय-फाय गेलं, बिलिंगचं सॉफ्टवेअर उघडेना, मॅनेजरचा पासवर्ड लॉक झाला की त्यालाच फोन. काम प्रामाणिक आहे आणि हाताला रोजचं आहे. पण तीन-चार वर्षं झाली की तेच तेच फोन येतात, पगार जिथल्या तिथे राहतो आणि मुलगा विचारू लागतो, सर्व्हरच्या कामाला कसं जायचं? मग कुणीतरी सांगतं, लिनक्सचं सर्टिफिकेट कर.

हा प्रश्न मला गेल्या काही वर्षांत नातेवाइकांतल्याच चार-पाच मुलामुलींनी विचारला आहे. मी मूळचा पेडण्याचा, आणि गेली चौदा वर्षं लिनक्स सर्व्हर सांभाळतो. त्यातल्या एकाची गोष्ट इथे सांगतो, कारण त्याच्या घरी हा प्रश्न हौसेचा नव्हता. तो माझा मावसभाऊ, डिचोलीचा. मावशीच्या यजमानांचा खाणीवर चालणारा ट्रक होता. २०१२ साली खाणी बंद झाल्या, मध्ये थोडं चालू झालं, २०१८ मध्ये पुन्हा थांबलं. ट्रक विकला गेला, कर्जाचे हप्ते काही काळ राहिले. मावसभाऊ तेव्हापासून मांद्र्याच्या एका हॉटेलात आयटी सपोर्टला आहे. डिचोली ते म्हापसा आणि म्हापसा ते मांद्रे, असं रोज जाऊन-येऊन. त्याला एका क्लासने सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणि "नोकरीची हमी" असं मिळून जी रक्कम सांगितली, ती त्याच्या चार पगारांएवढी होती. चवथीला घरी आला तेव्हा त्याने मला एवढंच विचारलं, "दादा, भरू काय पैसे?"

उत्तर देण्याआधी ही परीक्षा नेमकी काय आहे ते पाहायला हवं, कारण नाव सगळ्यांना माहीत असतं आणि आतलं फार थोड्यांना.

परीक्षेचं नाव रेड हॅट सर्टिफाइड सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, सगळे आरएचसीएसए म्हणतात. परीक्षेचा क्रमांक `EX200`. रेड हॅट कंपनीने १९९९ मध्ये आरएचसीई ही वरची परीक्षा सुरू केली तेव्हापासून तिच्या परीक्षांची ओळख एकच राहिली आहे: काम करून दाखवायचं. आयटीतल्या बऱ्याच परीक्षांत चार पर्यायांपैकी बरोबर त्यावर टिचकी मारायची असते. इथे तुमच्यासमोर चालू लिनक्स मशीन असतं आणि कामांची यादी असते. वेळ ३ तास, एकूण गुण ३००, उत्तीर्ण व्हायला २१०. इंटरनेट नाही, वही नाही, फोन नाही. मशीनमध्येच असलेली `man` पानं आणि सोबतची माहिती तेवढी वाचता येते. निकाल साधारण तीन कामकाजाच्या दिवसांत ईमेलने येतो आणि कोणत्या विभागात किती टक्के मिळाले तेही त्यात कळतं. सर्टिफिकेट तीन वर्षं चालू राहतं.

लिनक्स फाउंडेशनची एलएफसीएस नावाची परीक्षाही अशीच हाताने करायची असते. पण आपल्याकडच्या जाहिरातींत आणि मुलाखतींत मला रेड हॅटचंच नाव जास्त ऐकू येतं, म्हणून तिच्याबद्दलच बोलतो. आणखी एक. परीक्षा देणाऱ्याला आतले प्रश्न बाहेर न सांगण्याचा करार मान्य करावा लागतो. मी खाली जी कामं सांगतो ती कंपनीने जाहीर केलेल्या अभ्यासक्रमातली आहेत आणि उदाहरणं घरच्या सरावातली. "खरे प्रश्न" म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फायलींच्या नादी लागू नका. त्यात चुकीची उत्तरं भरपूर असतात, आणि करार मोडल्याबद्दल सर्टिफिकेट जाऊ शकतं.

आता मुद्द्याचं. या परीक्षेत एक नियम असा आहे की त्यानेच ती सपोर्टच्या कामापेक्षा वेगळी होते. तुम्ही केलेली प्रत्येक मांडणी मशीन रिस्टार्ट झाल्यावर, कुणीही हात न लावता, तशीच टिकली पाहिजे. तपासणी होते ती शेवटी काय उरलं त्याची. तुम्ही कोणत्या वाटेने गेलात, कमांड पाठ होती की `man` वाचून काढली, याला फारसं महत्त्व नाही.

सपोर्टमध्ये आपण रिस्टार्ट कशासाठी करतो? बिघाड घालवण्यासाठी. प्रिंटर हँग झाला, बंद करून चालू करा. रिसेप्शनचा पीसी रेंगाळतो, रिस्टार्ट मारा. दहापैकी सात वेळा ते चालतं आणि पुढचा फोन घ्यायला आपण मोकळे होतो. सर्व्हरवर रिस्टार्ट म्हणजे परीक्षा. महिनोन्महिने चालू असलेलं मशीन एका रात्री अपडेटसाठी बंद करून चालू केलं, आणि मधल्या काळात कुणीतरी तात्पुरती केलेली प्रत्येक गोष्ट गायब झाली, तर सकाळी हॉटेलचं बुकिंग बंद. मावसभावाला मी पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं की तुझ्या हाताची सवय उलटी करायची आहे. कमांडा त्यानंतर.

हे नुसतं बोलून कळत नाही. एक सोपं उदाहरण घेऊ. वेब सर्व्हर चालू करायचा तर `systemctl start httpd` म्हटलं की तो चालू होतो. ब्राउझरमध्ये पान दिसतं, काम झालं असं वाटतं. पण रिस्टार्टनंतर तो उठत नाही, कारण "चालू कर" आणि "दर वेळी मशीनबरोबर चालू हो" या लिनक्समध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी `enable` लागतं, आणि `systemctl enable --now httpd` लिहिलं तर दोन्ही होतात. फायरवॉलचंही तेच. `firewall-cmd --add-service=http` लगेच लागू होतं आणि रिस्टार्टला पुसलं जातं. `--permanent` लिहिलं तर ते टिकतं, पण `firewall-cmd --reload` केल्याशिवाय या क्षणी लागू होत नाही. `ip` कमांडने दिलेला पत्ता जातो, `nmcli` ने कनेक्शनमध्ये लिहिलेला राहतो. अभ्यासक्रमाचा निम्मा भाग या एकाच फरकाच्या अवतीभवती फिरतो, असं मला वाटतं.

आता जरा मोठं काम पाहू. मावसभावाने ते आपल्या लॅपटॉपवर सरावासाठी केलं. काम असं: मशीनला एक नवी रिकामी डिस्क जोडली आहे, नाव `/dev/vdb`. तिच्यावर २ जीबीचा भाग करून तो `/backup` या फोल्डरवर कायमचा बसवायचा. लिनक्समध्ये यासाठी एलव्हीएम नावाची सोय वापरतात. डिस्क थेट न वापरता तिचा एक साठा करायचा आणि त्या साठ्यातून हवा तेवढा तुकडा काढायचा. पुढे जागा कमी पडली तर तुकडा वाढवता येतो. त्याने लिहिलं ते असं:

```
pvcreate /dev/vdb
vgcreate hotelvg /dev/vdb
lvcreate -n backup -L 2G hotelvg
mkfs.xfs /dev/hotelvg/backup
mkdir /backup
blkid /dev/hotelvg/backup
```

पहिल्या ओळीने डिस्क एलव्हीएमसाठी तयार झाली. दुसरीने `hotelvg` नावाचा साठा झाला, तिसरीने त्यातून तुकडा निघाला. चौथीने त्यावर एक्सएफएस फाइल सिस्टिम बसली. पाचवीने फोल्डर केला. शेवटच्या ओळीने तुकड्याचा लांबलचक ओळख क्रमांक पडद्यावर दाखवला. इथपर्यंत कुठेही अडखळलं नाही. राहिलं ते कायमचं बसवणं. त्यासाठी `/etc/fstab` या फाइलमध्ये एक ओळ लिहायची. मशीन चालू होताना ही फाइल वाचून ठरवतं की कोणती डिस्क कुठे लावायची.

```
UUID=3f1c9a52-7b0e-4d61-9c2a-5e8d40b7a913 /backup xfs defaults 0 0
```

त्याने ओळख क्रमांक पडद्यावर पाहून हाताने टाइप केला आणि `b7` च्या जागी `67` लिहिलं. मग `mount /dev/hotelvg/backup /backup` म्हणून डिस्क स्वतःच लावून घेतली. `df -h` मध्ये दिसली, खूश झाला आणि मशीन रिस्टार्ट केलं.

पडदा एका ओळीवर थांबला. मशीन त्या चुकीच्या क्रमांकाची डिस्क शोधत होतं. सवयीप्रमाणे दीड मिनिट वाट पाहून त्याने नाद सोडला आणि नेहमीच्या लॉगिनऐवजी आणीबाणीचा पडदा आला: देखभालीसाठी रूटचा पासवर्ड द्या. ही डिस्क नुसती बॅकअपची होती. मशीन तिच्यावाचून आरामात चालू झालं असतं. पण `fstab` मध्ये लिहिलेली डिस्क मिळालीच पाहिजे, असं मशीन धरून चालतं आणि पुढे जायला नकार देतं. परीक्षेत हे झालं आणि दुरुस्त करता आलं नाही, तर फक्त डिस्कच्या प्रश्नाचे गुण जात नाहीत. जे मशीन उठतच नाही, त्याच्यावर केलेलं बाकीचं काम तपासणार तरी कसं?

दुरुस्ती अवघड नव्हती. पासवर्ड देऊन आत गेला, `mount -o remount,rw /` करून फाइल लिहिण्याजोगी करून घेतली, आकडा सुधारला, पुन्हा रिस्टार्ट. पण मी त्याला दाखवलं ते वेगळं. रिस्टार्ट करण्याआधीच ही चूक कळू शकत होती. `fstab` मध्ये ओळ लिहिल्यावर डिस्क हाताने लावायची नाही. `mount -a` म्हणायचं, म्हणजे फाइलमध्ये लिहिलंय तसंच सगळं लाव. आकडा चुकला असेल तर ते तिथल्या तिथे सांगतं की हा क्रमांक सापडत नाही. `findmnt --verify` ही कमांड तर संपूर्ण फाइल तपासून चुका दाखवते. दोन्हींना मिळून दहा सेकंद लागतात. हाताने डिस्क लावली तेव्हा त्याने तपासलं ते स्वतःचं टायपिंग, फाइलमधली ओळ कुणी वाचलीच नव्हती.

जाता जाता एक गोष्ट. एलव्हीएमच्या तुकड्याला ओळख क्रमांकाची खरं तर गरज नाही. `/dev/hotelvg/backup` हे नाव बदलत नाही, तेच लिहिलं असतं तर टाइप करायला छत्तीस अक्षरं लागलीच नसती. ओळख क्रमांक लागतो तो साध्या पार्टिशनला, कारण डिस्क वाढली-कमी झाली तर `vdb` चं `vdc` होऊ शकतं. क्लासच्या नोट्समध्ये "नेहमी यूयूआयडी लिहा" असं होतं, म्हणून त्याने तसं लिहिलं. कारण समजलं की नियम कुठे सैल करायचा तेही कळतं.

दुसरी जागा जिथे सपोर्टची सवय आडवी येते, ती म्हणजे एसईलिनक्स. हे रेड हॅटच्या लिनक्समधलं पहारेकऱ्यासारखं काम करणारं अंग. नेहमीच्या परवानग्या सांगतात कोणता वापरकर्ता कोणती फाइल वाचू शकतो. हा पहारेकरी त्यावर आणखी पाहतो की कोणत्या प्रोग्रामने कोणत्या प्रकारच्या फाइलला हात लावावा. त्यासाठी प्रत्येक फाइलवर एक लेबल असतं.

सराव असा होता: हॉटेलच्या जेवणाचं मेन्यू कार्ड म्हणून `menu.html` हे पान वेब सर्व्हरवर दाखवायचं. मावसभावाने पान आपल्या घरच्या फोल्डरमध्ये तयार केलं आणि `mv` ने `/var/www/html` मध्ये हलवलं. परवानग्या बरोबर, सर्व्हर चालू, फायरवॉल उघडी. ब्राउझरमध्ये मात्र ४०३, परवानगी नाही. तो अर्धा तास `chmod` च्या मागे लागला, शेवटी ७७७ सुद्धा देऊन पाहिलं. काही होईना. मग इंटरनेटवर सापडलेला उपाय केला, `setenforce 0`, म्हणजे पहारेकऱ्याला झोपवलं. पान दिसलं.

बरेच सर्व्हर आजही असेच "दुरुस्त" केलेले असतात. पण रिस्टार्टनंतर पहारेकरी पुन्हा जागा होतो आणि ४०३ परत येतं. खरं कारण एका कमांडने दिसतं, `ls -Z`. फाइलचं लेबल होतं `user_home_t`, म्हणजे घरातली फाइल. `mv` फाइल हलवताना जुनं लेबल सोबत घेऊन जातं. `cp` केलं असतं तर नव्या प्रतीला त्या जागेचं लेबल मिळालं असतं आणि हा प्रश्न आलाच नसता. उपाय एका ओळीचा:

```
restorecon -v /var/www/html/menu.html
```

म्हणजे या जागी असलेल्या फाइलला जे लेबल असायला हवं ते दे. पान दिसू लागलं, पहारेकरी जागाच राहिला, आणि ७७७ मागे घेऊन ६४४ केलं तरी फरक पडला नाही. आमच्या कामात अशा वेळी ओळखायची खूण सोपी आहे: नेहमीच्या परवानग्या ठीक दिसतात आणि तरी "परवानगी नाही" येतं, तर आधी `ls -Z` पाहावं.

ही दोन उदाहरणं एवढ्या तपशिलात सांगितली, कारण परीक्षा कुणाला मानवेल याचं उत्तर त्यांच्यातच आहे. सपोर्टमधल्या मुलाकडे काही गोष्टी आधीच असतात. आयपी पत्ता, डीएनएस, डीएचसीपी त्याला माहीत असतं. समोरचा घाबरलेला असताना शांतपणे नेमकं काय बिघडलं ते काढून घ्यायची सवय असते, आणि ती सर्व्हरच्या कामात फार उपयोगी पडते. घड्याळाकडे बघत काम करणं त्याला नवं नाही. नसतो तो धीर. "चाललं" आणि "टिकेल" यांच्या मध्ये थांबून तपासायचा धीर. तीन तासांची ही परीक्षा नेमका तोच मागते, म्हणून सपोर्टमधून सर्व्हरकडे जाणाऱ्याला ती योग्य आहे असं माझं मत आहे. पर्याय निवडायच्या परीक्षेत एसईलिनक्सची व्याख्या पाठ करून गुण मिळतात. इथे ४०३ घालवावं लागतं.

पण माझ्या या मताला एक अट आहे. कामावर कुठेतरी लिनक्स मशीन हाताशी असलं पाहिजे, किंवा निदान सहा-आठ महिन्यांत येण्याची शक्यता असली पाहिजे. मावसभावाच्या हॉटेलात सीसीटीव्हीच्या रेकॉर्डिंगचं मशीन आणि फायलींचा एक छोटा सर्व्हर लिनक्सवर होता. दोन्हींना कुणी हात लावत नव्हतं. त्याने मॅनेजरला विचारून त्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली: डिस्क किती भरली, कोणत्या सेवा चालू आहेत, बॅकअप शेवटचा कधी झाला. फक्त पाहायचं, बदलायचं काही नाही. ज्यांच्या कामावर सगळं विंडोजच आहे आणि तसंच राहणार आहे, त्यांच्या हातातून हा अभ्यास वर्षभरात निसटतो. अशांनी आधी कामाची जागा बदलण्याचा विचार करावा, परीक्षा नंतर.

परीक्षा काय शिकवत नाही, तेही सांगायला हवं. तिथे तुम्ही एक-दोन मशीन सांभाळता, आणि ती स्वच्छ, नवी, दुसऱ्या कुणी न बिघडवलेली असतात. खऱ्या कामात पन्नास मशीन असतात, सात वर्षांपूर्वी कुणीतरी काहीतरी करून ठेवलेलं असतं आणि तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. डेटाबेस, बॅकअप परत आणून पाहणं, बदल करण्याआधी चार लोकांची संमती घेणं, रात्री दोनला आलेला फोन, यातलं काही तिथे नाही. आरएचसीएसए म्हणजे गाडीचं लायसन्स समजा. चोर्ल्याचा घाट पावसाळ्यात उतरवायचा असेल तर आणखी काही महिने चाकावर हात लागतो.

आता पैशांचं. मी मावसभावाला क्लासचे पैसे भरू नको म्हणालो. सगळे क्लास वाईट असतात म्हणून नव्हे. ज्याला सरावाला मशीन मिळत नाही किंवा एकट्याने बसवत नाही, त्याला क्लासचा उपयोग होतो. पण "नोकरीची हमी" या शब्दांचे जे वेगळे पैसे होते, ते मला पटले नाहीत. परीक्षेचं स्वतःचं शुल्क पाच आकडी आहे, तेवढंच त्याच्या खिशाला पुरेसं होतं. सरावाला पैसे लागत नाहीत. २०२१ पासून रेड हॅट एका व्यक्तीला डेव्हलपर म्हणून नाव नोंदवल्यावर १६ मशीनपर्यंत खरं लिनक्स मोफत वापरू देते. ते नको असेल तर अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्स जवळजवळ तसंच चालतं. ८ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये प्रत्येकी २ जीबीची दोन मशीन बसतात. नोंदणी करताना परीक्षा लिनक्सच्या कोणत्या आवृत्तीवर आहे ते पाहून सरावही त्याच आवृत्तीवर करावा, एवढं पथ्य.

त्याचा सराव मी असा ठरवून दिला होता. रोज एक तास. काम करायचं, मग मशीन रिस्टार्ट, आणि रिस्टार्टनंतर पाहायचं की काय उरलं. आठवड्यातून एकदा मुद्दाम काहीतरी मोडायचं: `fstab` मध्ये चुकीची ओळ, विसरलेला रूट पासवर्ड, चुकीचं लेबल. आणि इंटरनेट बंद करून फक्त `man` वाचत दुरुस्त करायचं. पहिल्या महिन्यात त्याला `man` चा कंटाळा यायचा. तिसऱ्या महिन्यात तो मलाच सांगू लागला की पानाच्या शेवटी उदाहरणं असतात, आधी तिथे जा.

परीक्षा केंद्रावर जाऊन देता येते, किंवा घरून. घरून द्यायची तर कंपनीने दिलेली खास यूएसबी तयार करून लॅपटॉप तिच्यावरून सुरू करायचा असतो, बाहेरून जोडलेला वेबकॅम लागतो, टेबल रिकामं, खोलीत दुसरं कुणी नाही, आणि पलीकडून एक निरीक्षक पाहत असतो. आपल्याकडे यात एक जास्तीची अडचण, वीज. डिचोलीत जून-जुलैत दुपारी चारला वीज जाणं ही बातमी नसते. त्याने नोव्हेंबरची तारीख घेतली, शेजाऱ्यांकडून इन्व्हर्टरची लाइन राउटरपर्यंत ओढली, आणि मावशीने त्या दिवशी दुपारभर दारावरची बेल काढून ठेवली.

२६१ गुण मिळाले. सर्वांत कमी टक्के साठवणुकीच्या विभागात, ज्याचा त्याने सर्वांत जास्त सराव केला होता.

त्यानंतर काही लगेच घडलं नाही, आणि हे तरुण वाचकांनी मुद्दाम वाचावं. पुढचे सात महिने तो मांद्र्याला प्रिंटरच दुरुस्त करत होता. पेडणे-डिचोलीत निव्वळ सर्व्हरचं काम मला तरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच दिसतं. ते पणजीला, वेर्ण्याला असतं, नाहीतर पुण्या-बेंगळुरूला. दोन मुलाखतींत सर्टिफिकेट पाहिलं आणि अनुभव नाही म्हणून परत पाठवलं. तिसरी पणजीच्या एका कंपनीची, रात्रपाळीसाठी. तिथल्या बाईंनी सर्टिफिकेटचा क्रमांक रेड हॅटच्या साइटवर तपासला, बाजूला ठेवला आणि विचारलं, "रिस्टार्टनंतर सर्व्हर उठत नाही, पडद्यावर आणीबाणीचा प्रॉम्प्ट आहे. काय कराल?" त्याने `fstab` पासून सुरुवात केली. मग त्यांनी विचारलं, हॉटेलच्या त्या फायलींच्या सर्व्हरचा बॅकअप परत आणून कधी पाहिलात का? त्याच्या नोंदवहीत तारीख होती.

पगार पहिल्या वर्षी फक्त तीन हजारांनी वाढला. रात्रपाळी असल्यामुळे तो पहाटेच्या बसने डिचोलीला येतो आणि मावशी त्याच्यासाठी पोदेराकडून दोन पोळे जास्त घेऊन ठेवते. परवा त्याचा फोन आला होता, चाळीस मशीनवर एकच बदल हाताने करून कंटाळलोय, यासाठी काही आहे का म्हणून. त्यासाठी अ‍ॅन्सिबल आहे, आणि आरएचसीईची आताची परीक्षा त्यावरच असते. सध्या मी त्याला फक्त अ‍ॅन्सिबल शिकायला सांगितलं आहे. परीक्षेचे पैसे या वेळी कंपनी भरते का, ते त्याने आधी विचारावं.